एका वर्षाच्या खंडाची खरी किंमत

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी आली आणि पुणे-लोणावळा लोकल थांबली, तेव्हा मावळ तालुक्यातील अनेक घरांचा मासिक हिशेब एका आठवड्यात कोलमडला. लोणावळ्यातील हॉटेले बंद झाली, चिक्कीच्या दुकानांना कुलपे लागली आणि ज्यांची कमाई सुटीच्या दिवसांवर व पावसाळ्यातील गर्दीवर अवलंबून होती त्यांना ऐन हंगामात हातावर हात ठेवून बसावे लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तळेगाव येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातील उत्पादनही थांबले. अशा वेळी घरातील कोणता खर्च प्रथम तोडला जातो? किराणा, घरभाडे आणि मुलांची फी टाळता येत नाही. म्हातारपणासाठी दरमहा बाजूला काढली जाणारी रक्कम मात्र टाळता येते, कारण ती न भरल्याबद्दल कोणी दारात येऊन विचारत नाही. वर्षभर हप्ते थांबवले तर काय मोठे बिघडणार, असा प्रश्न तेव्हा हजारो घरांत विचारला गेला आणि आजारपण, लग्नकार्य किंवा नोकरीतील बदल आला की तो आजही विचारला जातो.

या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे मिळतात. बचतीच्या योजना विकणारे मोठमोठे आकडे दाखवून सांगतात की एका वर्षाच्या आळसाने आयुष्याचे नुकसान होते. घरातील वडीलधारे म्हणतात की तीस वर्षांपैकी एकच वर्ष गेले, म्हणजे तिसावा हिस्सा गेला, पुढे भरून काढू. दोन्ही उत्तरांत सत्याचा अंश आहे, पण पूर्ण हिशेब कोणीच मांडत नाही. तो मांडण्यासाठी चक्रवाढ व्याजाच्या शाळेत शिकलेल्या नियमापलीकडे काहीही लागत नाही.

समजा, लोणावळ्यातील एकाच शाळेत तीन लिपिक आहेत. एप्रिल २०२० मध्ये पहिल्याचे वय २८, दुसऱ्याचे ३८ आणि तिसऱ्याचे ४८ आहे. तिघेही ५८ व्या वर्षी निवृत्त होणार. तिघांचाही संकल्प असा की वयाच्या २८ व्या वर्षापासून तीस वर्षे, दरमहा पाच हजार रुपये, महिन्याच्या आरंभी जमा करायचे. व्याजाचा दर हिशेबाच्या सोयीसाठी आठ टक्के धरू. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचा दर गेल्या काही वर्षांत आठ ते साडेआठ टक्क्यांच्या दरम्यान राहिला आहे आणि सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीचा दर एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के आहे, तेव्हा आठ टक्के हा आकडा फार फुगवलेला नाही. वर्षभराच्या साठ हजारांवर त्या वर्षाचेच २,६०० रुपये व्याज मिळते आणि वर्षअखेरीस ६२,६०० रुपये होतात. असे तीस वर्षे अखंड चालले तर स्वतः भरलेले अठरा लाख आणि त्यावरील व्याज मिळून सुमारे ७० लाख ९२ हजारांची पुंजी हाती येते.

आता तिघांनीही एप्रिल २०२० ते मार्च २०२१ हे एक वर्ष काहीच भरले नाही असे समजू. तिघांच्या खिशात राहिलेली रक्कम सारखीच, साठ हजार. पण निवृत्तीच्या दिवशी ४८ वर्षांच्या लिपिकाची पुंजी सुमारे सव्वा लाखाने कमी भरेल, ३८ वर्षांच्या लिपिकाची दोन लाख सत्तर हजारांनी आणि २८ वर्षांच्या लिपिकाची पाच लाख त्र्याऐंशी हजारांनी. शेकडेवारीत पाहिले तर पहिल्याचे नुकसान एकूण पुंजीच्या आठ टक्क्यांहून थोडे अधिक, दुसऱ्याचे चार टक्क्यांच्या आत आणि तिसऱ्याचे दोन टक्क्यांच्याही आत आहे. ‘तीसातले एक वर्ष’ म्हणजे सव्वातीन-साडेतीन टक्के, हा वडीलधाऱ्यांचा अंदाज तिघांपैकी कोणालाही नीट लागू पडत नाही. तरुणाच्या बाबतीत तो फार सौम्य ठरतो, तर निवृत्तीकडे झुकलेल्या माणसाच्या बाबतीत फार कडक.

हे आकडे तोंडी ताडून पाहता येतात. बहात्तर या संख्येला व्याजदराने भागले की रक्कम साधारण किती वर्षांत दुप्पट होते ते कळते. आठ टक्क्यांना नऊ वर्षे. म्हणून २८ वर्षांच्या लिपिकाचे ६२,६०० रुपये नऊ वर्षांनी सव्वा लाख, अठरा वर्षांनी अडीच लाख आणि सत्तावीस वर्षांनी पाच लाख होतात. उरलेल्या दोन वर्षांचे व्याज मिळवले की आकडा पाच लाख त्र्याऐंशी हजारांच्या आसपास येतो. ४८ वर्षांच्या लिपिकाच्या रकमेला दुप्पट होण्याची संधी एकदाच मिळते, म्हणून त्याचे नुकसान सव्वा लाखावर थांबते.

तरुण लिपिकाने नेमके काय गमावले, याचा विचार थोडा उलट बाजूनेही करायला हवा. पहिले वर्ष वगळले म्हणजे त्याची बचत एकोणतीस वर्षांची झाली. एकोणतीस वर्षांत ६५ लाख ८ हजार जमतात. तिसाव्या वर्षी या मोठ्या रकमेवर एकट्या व्याजाचे पाच लाख वीस हजार मिळाले असते आणि त्यात त्या वर्षीचे हप्ते पडले असते. वर्ष सुरुवातीचे चुकले, पण हुकले ते अखेरचे, सर्वांत भरघोस पीक देणारे वर्ष. तरुणपणीच्या खंडाची किंमत कळत नाही याचे कारण हेच आहे. चूक होते त्या दिवशी ती साठ हजारांची दिसते आणि तिचा परिणाम दिसतो तेव्हा चूक विसरलेली असते. खाजगी व्यवसायातील माणूस आणखी एक वर्ष काम करून ही तूट जवळजवळ तंतोतंत भरून काढू शकतो. शिक्षक व लिपिक यांना तो मार्ग नाही, कारण त्यांच्या निवृत्तीची तारीख सेवापुस्तकात नोंदलेली असते.

येथे योजना विकणाऱ्यांच्या हिशेबाचीही झडती घेतली पाहिजे. त्यांच्या तक्त्यात दोन गोष्टी झाकलेल्या असतात. एक म्हणजे महागाई. २०५० मधील पाच लाख त्र्याऐंशी हजार आणि आजचे पाच लाख त्र्याऐंशी हजार एक नव्हेत. दरसाल पाच टक्के भाववाढ धरली तर त्या रकमेची खरेदीशक्ती २०२१ च्या सुमारे एक लाख बेचाळीस हजारांइतकी भरते. साठ हजार वाचवून एक लाख बेचाळीस हजार गमावले, हे नुकसान खरे आहे आणि पुरेसे मोठे आहे. ते पाच-सहा लाखांचे म्हणून सांगून घाबरवण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट अशी की तक्त्यात हप्ता तीस वर्षे पाच हजारच राहतो. प्रत्यक्षात पगार वाढतो आणि विचारी माणूस हप्ताही वाढवतो. हप्ता दरवर्षी व्याजदराइतकाच, म्हणजे आठ टक्क्यांनी वाढवत नेला तर मोठी मौज होते. सुरुवातीचे हप्ते लहान पण जुने, नंतरचे मोठे पण नवे, आणि निवृत्तीच्या दिवशी प्रत्येक वर्षाचे मोल अगदी सारखे भरते. अशा माणसाने कोणतेही एक वर्ष चुकवले तरी बरोबर तिसावा हिस्सा जातो. म्हणजे वडीलधाऱ्यांचा अंदाज एका स्थितीत अचूक आहे: हप्ता वाढत राहील या स्थितीत. पहिल्या वर्षी गमावलेले रुपये तेवढेच राहतात, पण वाढत्या हप्त्यांनी पुंजी मोठी होत असल्यामुळे त्यांचा वाटा घटतो. जो हप्ता कधीच वाढवत नाही त्याच्या बाबतीत मात्र आरंभीच्या वर्षांवरच सारा भार असतो.

हे झाले हप्ता थांबवण्याविषयी. टाळेबंदीच्या वर्षात त्याहून मोठे नुकसान दुसऱ्याच दाराने झाले. हप्ता थांबवला तरी आधी साठलेली रक्कम जागेवर राहते आणि तिच्यावरील व्याज चालू राहते. रक्कम उचलली तर मात्र तेही थांबते. २८ मार्च २०२० च्या अधिसूचनेने भविष्यनिर्वाह निधीच्या सभासदांना तीन महिन्यांचे मूळ वेतन व महागाई भत्ता किंवा खात्यातील पाऊणपट रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती काढण्याची मुभा मिळाली. ती परत भरण्याचे बंधन नव्हते. ज्यांच्या घरी पगारच आला नाही त्यांना या सवलतीने तारले, यात शंका नाही. पण गरज नसताना, ‘मिळते आहे तर घेऊन ठेवू’ म्हणून ज्यांनी रक्कम काढली त्यांचा हिशेब निराळा आहे. वरच्या उदाहरणातील ३८ वर्षांच्या लिपिकाच्या खात्यात दहा वर्षांनी नऊ लाखांच्या थोडे वर जमलेले असतात. वर्षभर हप्ता न भरल्याने त्याचे अखेरचे नुकसान दोन लाख सत्तर हजार होते. त्याच दिवशी त्याने खात्यातून दोन लाख उचलले असते तर वीस वर्षांनी नऊ लाख बत्तीस हजारांचा खड्डा पडला असता. अडचणीच्या वर्षात आधी हप्ता थांबवावा, साठवलेल्या रकमेला हात सर्वांत शेवटी लावावा, हा क्रम यातून निघतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने दिलेला इंद्रायणी भात पिकवणारा शेतकरी अडचणीच्या साली लावणीचे क्षेत्र कमी करील, पण कणगीतले बियाणे शिजवणार नाही. पगारदार माणसाला खात्यातील शिल्लक बियाण्यासारखी दिसत नाही, एवढाच फरक.

तिसरे नुकसान खंड लांबण्याने होते आणि बहुधा तेच सर्वांत अधिक घरांत होत असावे. बँकेकडून आपोआप जाणारा हप्ता बंद करायला एक अर्ज पुरतो. तो पुन्हा सुरू करायला इच्छाशक्ती लागते. मधल्या काळात ते पाच हजार घरखर्चात मुरून जातात, दुचाकीचा हप्ता सुरू होतो आणि एका वर्षाची तीन वर्षे होतात. पहिली तीन वर्षे गेली तर तरुण लिपिकाची अंतिम पुंजी सव्वासोळा लाखांनी, म्हणजे जवळजवळ २३ टक्क्यांनी घटते. एक वर्षाचा खंड सोसता येतो. परतीची तारीख नसलेला खंड हा खंड नसून शेवट असतो.

झालेला एक वर्षाचा खंड भरून काढणे फारसे अवघड नाही, मात्र लवकर करावे लागते. तरुण लिपिकाने उरलेली एकोणतीस वर्षे पाच हजारांऐवजी दरमहा ५,४४८ रुपये भरले तर मूळ ७० लाख ९२ हजारांचा आकडा गाठता येतो. हे सोपे वाटते, पण त्यात ४४८ रुपयांप्रमाणे एकूण एक लाख छप्पन्न हजार अधिक जातात. त्याऐवजी पुढील पाचच वर्षे दरमहा १,२५२ रुपये अधिक भरले तरी तेच साधते आणि अधिकचा भार पंच्याहत्तर हजारांवर थांबतो. खंड हे स्वतःकडूनच घेतलेले कर्ज आहे असे मानले तर हिशेब स्पष्ट होतो. हे कर्ज जितके लवकर फेडाल तितके स्वस्त पडते.

शेअरबाजाराशी निगडित म्युच्युअल फंडात मासिक हप्ते भरणाऱ्यांना हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण तेथे प्रत्येक वर्षाचा दर वेगळा असतो. २३ मार्च २०२० रोजी मुंबई शेअरबाजाराचा सेन्सेक्स २५,९८१ वर आला होता आणि ३१ मार्च २०२१ रोजी तो ४९,५०९ वर होता. ज्यांनी नेमके याच बारा महिन्यांत हप्ते थांबवले त्यांनी स्वस्तातील खरेदी गमावली. उलट, जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स एकवीस हजारांच्या आसपास होता आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात साडेआठ हजारांवर आला. त्याआधीच्या चढ्या महिन्यांतील हप्ते ज्याने चुकवले त्याचे तुलनेने थोडे बिघडले. कोणते वर्ष स्वस्त होते हे मागाहूनच कळते. अडचण अशी की पगार थांबणे आणि बाजार कोसळणे या घटना पुष्कळदा एकाच वेळी घडतात आणि म्हणून माणसे नेमक्या स्वस्ताईच्या वर्षी खरेदी थांबवतात. त्यामुळे सरसकट बारा टक्के दर धरून केलेले तक्ते अशा खंडाचे मोजमाप करू शकत नाहीत.

शिक्षकांच्या दृष्टीने आणखी एक मुद्दा आहे. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर राज्याच्या सेवेत आलेल्या आणि राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत असलेल्या कर्मचाऱ्याचे दहा टक्के वेतनातून जातात आणि शासन चौदा टक्के घालते. बिनपगारी रजा घेतली की दोन्ही वाटे थांबतात. स्वतःच्या दहा रुपयांमागे चोवीस रुपयांचा खंड पडतो. वर्षभराच्या बिनपगारी रजेचा विचार करताना हातचा पगार गेला एवढेच धरले जाते, हे चोवीस रुपये कोणी धरत नाही. ज्याच्या हप्त्यामागे मालकाचा किंवा शासनाचा वाटा येतो त्याने तो हप्ता सर्वांत शेवटी थांबू द्यावा.

याचा अर्थ खंड कधीच करू नये असा नव्हे. घरात आजारपण आहे आणि त्यासाठी साठ हजार चोवीस टक्के व्याजाने आणावे लागणार आहेत, तर वर्षाला १४,४०० रुपये व्याज देऊन त्याच वेळी आठ टक्क्यांच्या खात्यात पैसे भरत राहणे हा शहाणपणा नाही. तेथे हप्ता थांबवून कर्ज टाळणेच योग्य. थांबवण्याऐवजी निम्मा करता आला तर नुकसानही निम्मे होते. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत वर्षाला किमान पाचशे रुपये भरले तरी खाते चालू राहते. तेवढेही न भरल्यास खाते खंडित होते, त्यावर कर्ज वा अंशतः रक्कम काढण्याची सोय मिळत नाही आणि ते पुन्हा चालू करण्यासाठी प्रत्येक चुकलेल्या वर्षामागे पाचशे रुपये व पन्नास रुपये दंड भरावा लागतो. डाकघराच्या आवर्ती ठेवीत लागोपाठ चार हप्ते चुकले तर खाते खंडित होते आणि ते पुनरुज्जीवित करण्यास दोनच महिन्यांची मुदत असते. खंड घेणाऱ्याने हे नियम आधी वाचलेले असावेत.

लोणावळ्याच्या हंगामी कमाईला तर मासिक हप्त्याची चौकटच बेताची बसते. हॉटेलात काम करणारा, टॅक्सी चालवणारा किंवा दुकानात विक्री करणारा माणूस मे महिन्यात कमावतो आणि मंदीच्या महिन्यांत उसनवारी करतो. त्याने दरमहा हप्त्याचा आग्रह धरून मंदीत तो मोडण्यापेक्षा सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत हंगामाच्या शेवटी एकरकमी भरावे. तेथे दरमहा भरलेच पाहिजे असे बंधन नाही. मात्र महिन्याच्या पाच तारखेपर्यंत जमा झालेल्या रकमेलाच त्या महिन्याचे व्याज मिळते, हे लक्षात ठेवावे. वर्षाची एकूण रक्कम पोचली की चक्रवाढीला ती बारा हप्त्यांनी आली की दोन, याचे फारसे सोयरसुतक नसते.

पगारदारांच्या पतसंस्था, शाळांची कार्यालये आणि बँका यांना येथे एक साधी सुधारणा करता येईल. हप्ता बंद करण्याच्या अर्जावर तो पुन्हा सुरू करण्याच्या तारखेचा रकाना असावा आणि त्या तारखेला, सभासदाने पुन्हा नकार दिला नाही तर, हप्ता आपोआप चालू व्हावा. सभासदाच्या वयानुसार या एका वर्षाने अंतिम पुंजीत किती तूट पडेल, ते आजच्या किमतीत, त्याच अर्जावर लिहिलेले असावे. २८ वर्षांच्या माणसासमोर ‘एक लाख बेचाळीस हजार’ हा आकडा आणि ‘पाच वर्षे दरमहा १,२५२ रुपये’ हा उपाय शेजारी शेजारी मांडला, तर तो घाबरणारही नाही आणि बेफिकीरही राहणार नाही. त्यानंतर हप्ता थांबवायचा की नाही हे त्याने ठरवावे. घरातील अडचण किती मोठी आहे हे शेवटी त्यालाच ठाऊक असते.